एकादशीला गुरगुरणारं माझं पोट आणि अण्णांचं गप्प पोट

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमचे अण्णा ६३ वर्षांचे आहेत. शुगर १६ वर्षांपासून, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. केज तालुक्यातल्या गावी राहतात. चार महिन्यांपासून अर्धी भाकरी खाल्ली की ‘पोट भरलं’ म्हणून ताटावरून उठायचे. पोट फुगायचं, आंबट ढेकर यायचे, आठवड्यातून एक-दोनदा उलटी व्हायची. एकदा संध्याकाळच्या उलटीत आदल्या रात्रीच्या गवारीचे तुकडे निघाले. अगदी ओळखू येण्यासारखे. ते बघून आई घाबरली, मग लातूरला नेलं.

तिथं दुर्बिणीची तपासणी झाली. आदल्या रात्री आठला जेवण, त्यानंतर काहीच नाही, आणि तपासणी सकाळी दहाला. म्हणजे चौदा तास उपाशी. तरी जठरात रात्रीचं अन्न होतं आणि मोठ्या लिंबाएवढा हिरवट-तपकिरी धाग्यांचा गोळा! डॉक्टर म्हणाले, जठर मंद झालंय, अन्न पुढं सरकत नाही, आणि गोळ्या दिल्या. अल्सर नाही, गाठ नाही, जठराची वाट कुठं बंद नाही. गर्दी होती, मला पुढचं विचारता आलं नाही.

माझा प्रश्न असा. चौदा तासांत काहीच कसं पुढं गेलं नाही? आणि मी एकादशी धरतो तेव्हा ऑफिसात माझं पोट शेजारच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल एवढं गुरगुरतं. पोटात कावळे ओरडतात म्हणतो ना आपण, तसं. पाच-दहा मिनिटांत थांबतं, परत तासा-दीड तासानं सुरू. आई म्हणते, अण्णांचं पोट पूर्वी असंच वाजायचं, आता कधीच वाजत नाही. याचा काही संबंध आहे का?

हुरडा_पार्टी

दादा, उपाशी पोटी ॲसिड सुटतं आणि ते पचवायला काही नसतं, म्हणून आवाज येतो. आणि उपाशी असतानाच आतडी स्वतःला झाडून घेतात, हे मी बऱ्याच ठिकाणी वाचलंय. आपण दिवसभर काहीबाही तोंडात टाकतो म्हणून ती झाडलोट होत नाही. अण्णांना रोज १६ तास उपाशी ठेवा, सगळं साफ होईल. मी स्वतः सात महिने करायलोय, पोट एकदम हलकं.

बालाघाट

मांजराकाठ, आधी हुरडा_पार्टी यांच्या सल्ल्याबद्दल बोलतो, कारण ते तातडीचं आहे. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला डॉक्टरांना न विचारता १६ तास उपाशी ठेवू नका. शुगर इतकी उतरू शकते की माणूस शुद्ध हरपेल.

मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त आहे. तुमच्या दोन प्रश्नांचं उत्तर एकच आहे असं मला वाटतं, म्हणून सावकाश लिहितो.

आपण ‘अन्न खाली सरकतं’ असं म्हणतो त्यात तीन निरनिराळ्या चाली मिसळलेल्या असतात. घास गिळल्यावर अन्ननलिकेत जे होतं ती पहिली. घासाच्या मागची नळी आवळते आणि पुढची सैल पडते, त्यामुळे घास पुढंच जातो. दुधाची पिशवी दोन बोटांत धरून एका टोकाकडं ओढत न्यावी, तसं. आतड्यातही ही चाल असते, आणि तिथं भिंतीतलं मज्जातंतूंचं जाळं ती स्वतःच घडवून आणतं. बेलिस आणि स्टार्लिंग यांनी १८९९ मध्ये कुत्र्यांच्या आतड्यावर हे दाखवलं. आतड्याकडं बाहेरून येणारे तंतू तोडले तरी मागं आवळणं आणि पुढं सैल पडणं चालूच राहिलं.

जेवणानंतर लहान आतड्यात मात्र मुख्य चाल ही नसते, आणि इथंच बहुतेकांची गल्लत होते. तिथं अन्न मळलं जातं. आतड्यावर ठिकठिकाणी एकाच वेळी कड्या आवळतात, क्षणात त्या सुटतात आणि मधल्या जागी नव्या आवळतात. ज्वारीचं पीठ तळव्यानं रेटून मळताना ते सारखं हलतं, पण परातीतच राहतं. तसंच हे. पाचक रस अन्नात मुरतो आणि प्रत्येक कण कधी ना कधी भिंतीला टेकतो. लहान आतड्याच्या सुरुवातीला हे मिनिटाला साधारण १२ वेळा घडू शकतं, शेवटाकडं आठ-नऊ वेळा. वरचा ठेका जलद आणि खालचा संथ, म्हणून मळता मळता अन्न हळूहळू खाली उतरतं. अमेरिकेत कॅननने बिस्मथ घातलेलं अन्न मांजरांना देऊन क्ष-किरणांखाली हे मळणं पाहिलं आणि १९०२ मध्ये लिहून ठेवलं.

तिसरी चाल तुमच्या कावळ्यांची. ती संध्याकाळी लिहितो. तोवर एक सांगा. एकादशीच्या दिवशी किती वाजता काय खाता-पिता आणि आवाज कधी येतो, हे घड्याळ लावून कधी पाहिलंय का?

मांजराकाठ

सर, योगायोग बघा, मागच्या एकादशीला मी खरंच वेळा टिपल्या होत्या, कारण मीटिंग होती. सकाळी सातला दूध-साखरेचा एक कप चहा. नंतर फक्त पाणी. पहिला जोराचा आवाज १०.४० ला. दुसरा १२.१५ ला. तिसरा १.५० ला, तो सगळ्यात मोठा. अडीचला भगर आणि शेंगदाण्याची आमटी खाल्ली. मग रात्री आठपर्यंत चिडीचूप.

बैलजोडी

मधेच विचारतो, माफ करा. आमच्या लालकंधारी बैलाचं पोट मागच्या महिन्यात फुगलं होतं, ओला लसूणघास जास्त खाल्ला त्यानं. जनावरांच्या डॉक्टरांनी डाव्या भकाळीला कान लावला आणि म्हणले पोट चालत नाही. माणसाला पण तसंच कान लावून कळतं का? आणि जनावर तर दिवसभर चरतंय, रवंथ करतंय. मग त्याच्या आतड्याची झाडलोट कधी होत असंल?

बालाघाट

मांजराकाठ, तुमच्या वेळांमध्ये ९५-९५ मिनिटांचं अंतर आहे. तीच ही चाल.

जेवण संपून जठर आणि लहान आतडं रिकामं झालं की त्यांचा ठेकाच बदलतो. आधी बराच वेळ सगळं जवळजवळ शांत असतं. मग कुठं कुठं अनियमित हालचाल सुरू होते, ती वाढत जाते. आणि शेवटी पाच-दहा मिनिटं एक जोरकस, नियमित रेटा येतो. जठरात मिनिटाला ३, लहान आतड्याच्या सुरुवातीला मिनिटाला ११-१२ आकुंचनं, एकही ठोका न चुकता. हा रेटा एका जागी थांबत नाही. जठरापाशी किंवा त्याच्या लगेच खाली सुरू होतो आणि लहान आतड्याच्या शेवटापर्यंत सरकत जातो. त्याला दीड-दोन तास लागतात. तो शेवटाला पोचेपर्यंत वर पुढची फेरी सुरू झालेली असते. माणसात साधारण ९० ते १२० मिनिटांनी ही फेरी येते, पण एकाच माणसात दोन फेऱ्यांतलं अंतर खूप कमी-जास्त असू शकतं. तुमचं इतकं सारखं आलं, यात थोडा योगही आहे. शुरशेव्हस्कीने १९६९ मध्ये कुत्र्यांमध्ये हा सरकता रेटा नोंदवला, पुढं त्याला ‘मायग्रेटिंग मोटर कॉम्प्लेक्स’ हे नाव पडलं.

आवाज ॲसिडचा नाही. आत थोडा द्रव आणि थोडी हवा असते. अरुंद नळीतून दोन्ही जोरानं रेटली गेली की गुरगुर होते. पोट भरलेलं असताना अन्नामुळं आवाज दबतो, रिकामं असताना घुमतो. तुमच्या सातच्या चहातलं दूध आणि साखर हेही आतड्याला जेवणच, छोटं. म्हणून त्यानंतर ठेका बदलला आणि पहिली फेरी लांबली. साध्या पाण्यानं तसं होत नाही. भगर-आमटीत शेंगदाण्याचं तेल होतं, आणि स्निग्ध पदार्थ ही मळण्याची चाल सगळ्यात जास्त वेळ टिकवतात. म्हणून आठपर्यंत शांतता.

आता अण्णांचा गोळा. जेवणानंतर जठराचं खालचं तोंड चाळणीसारखं वागतं. एक-दोन मिलिमीटरहून बारीक झालेलं अन्न खाली जातं, मोठा कण आला की तोंड मिटतं आणि तो मागं ढकलला जाऊन पुन्हा दळला जातो. पण गवारीच्या शिरा, शेवग्याच्या शेंगेचे धागे, संत्र्याच्या फोडीवरची साल कितीही दळलं तरी बारीक होत नाही. चाळणीवर उरणारा हा चाळ जातो कधी? त्या जोरकस रेट्यातच. त्या पाच-दहा मिनिटांत जठराचं तोंड मोकळं असतं, म्हणून लहान मुलानं गिळलेलं नाणंसुद्धा बहुधा त्याच वाटेनं पुढं जातं.

अण्णांचं अडलंय ते दोन्हीकडं, असं तपासणीवरून दिसतं. दळण मंदावलंय, आणि चाळ काढणारा रेटा जठरात येतच नाही किंवा फार दुबळा येतो. मग रोज चाळ साठतो, एकात एक गुंततो आणि गोळा होतो. बरीच वर्षं शुगर असली की जठराला हुकूम पोचवणाऱ्या मोठ्या मज्जातंतूचं नुकसान होतं, आणि भिंतीतला ठेका धरणाऱ्या काहाल पेशीही कमी होतात. शिवाय त्या वेळी रक्तात शुगर चढलेली असली तर ती एकटीसुद्धा हा रेटा दाबून टाकते.

अण्णांच्या दाढा किती आहेत? शेवगा खातात का?

बैलजोडी, तुमचा प्रश्न फार चांगला आहे. डॉक्टर भकाळीला ऐकत होते ते रवंथाच्या मोठ्या पोटाचं हलणं, ते मिनिटाला एक-दोनदा तरी व्हायला हवं. आणि झाडलोटीचं म्हणाल, तर रवंथ करणाऱ्या जनावरात हा सरकता रेटा चरत असतानाही थांबत नाही. मोठ्या पोटातून आतड्यात अन्न दिवसरात्र थोडं थोडं झिरपत असतं, तिथं ‘जेवण’ आणि ‘उपास’ असे वेगळे वेळच नसतात.

मांजराकाठ

सर, खालच्या दाढा सगळ्या काढल्यात. कवळी आहे पण लावत नाहीत, टोचते म्हणतात. शेवगा तर दारातच आहे, उन्हाळाभर रोज आमटीत. आम्हीच आग्रहानं वाढत होतो, भाजी पोटाला चांगली म्हणून.

सिस्टर_३२

मी २२ वर्षं वॉर्डात काम करते, अंबाजोगाईकडची. दादा, एक सांगा. अण्णांची शुगर रात्री जेवणानंतर अचानक उतरते का? घाम, थरथर, आणि मग पहाटे तपासली की भरमसाट चढलेली?

मांजराकाठ

ताई, तुम्हाला कसं कळलं? महिन्याभरात तीनदा झालं. नऊला जेवले, साडेदहाला घामाघूम, शुगर ५८. आईनं साखरपाणी दिलं. पहाटे ३१०. आम्हाला वाटलं साखरपाणी जास्त झालं.

सिस्टर_३२

साखरपाणी द्यायलाच हवं होतं, त्यात आईचं काहीच चुकलं नाही. अन्न जठरातच अडकलेलं आणि इन्सुलिन मात्र वेळेवर कामाला लागलं, म्हणून शुगर उतरली. मग मध्यरात्रीनंतर अन्न खाली उतरलं तेव्हा इन्सुलिनचा जोर संपलेला. असे पेशंट मी बरेच पाहिलेत. घरचे इन्सुलिन बंदच करून टाकतात, ते करू नका. शुगरच्या नोंदी वेळेसकट कागदावर लिहा, उलटी कधी झाली तेही लिहा, आणि तो कागद शुगरच्या डॉक्टरांपुढं ठेवा. इन्सुलिनची वेळ आणि प्रकार ते बदलू शकतात.

कान लावून कळतं का विचारलंत, तर ऑपरेशननंतर आम्ही रोज पोटाला स्टेथोस्कोप लावतो. आवाज आला की मला समजतं आतडी जागी झाली.

बालाघाट

सिस्टर, इन्सुलिनचं तुम्ही नेमकं सांगितलंत, ते माझ्या लक्षातून सुटलं होतं.

आवाजाबद्दल मात्र माझं थोडं वेगळं मत आहे. ऑपरेशननंतर लहान आतडं काही तासांतच हलायला लागतं, जठराला एक-दोन दिवस लागतात आणि मोठ्या आतड्याला दोन-तीन. आवाज बहुतेक लहान आतड्याचाच असतो, त्यामुळे तो आला म्हणजे सगळं सुरळीत झालं असं धरता येत नाही. ‘वारं सरकलं का?’ हा तुमचा प्रश्न जास्त कामाचा आहे. अण्णांचंही तसंच. पोट वाजत नाही हे लक्षण जुळतं, पण त्यावरून निदान होत नाही. निदान केलं ते दुर्बिणीनं दिसलेल्या अन्नानं.

सिस्टर_३२

सर, पुस्तकात असेल तसं. पण रात्रपाळीला माझ्या कानानं दोनदा बंद पडलेलं आतडं डॉक्टर येण्याआधी ओळखलंय. धातूवर थेंब पडावा तसा बारीक आवाज, त्यासोबत कळ, पोट टम्म आणि वारं बंद. तो आवाज विसरता येत नाही.

बालाघाट

तुम्ही सांगितलेली चारही लक्षणं एकत्र असली तर मीही पेशंटला तसाच मोठ्या दवाखान्यात पाठवेन. एकट्या आवाजावर मी विसंबणार नाही. इथं आपलं जमत नाही, राहू द्या.

जालना_किराणा

मी धागा सगळा वाचला. माझं दुकान आहे. सकाळी आठपासून दर तासाला चहा, मधे चिवडा, फुटाणे, गिऱ्हाईकानं दिलेला पेढा. बसून जेवण असं एकदाच, रात्री अकराला. दुपारनंतर पोट नगाऱ्यासारखं होतं. शुगर नाही, दुर्बिणीत काही नाही. म्हणजे माझी झाडलोट होतच नाही का?

हुरडा_पार्टी

बघा, मी हेच म्हणत होतो! अण्णांच्या बाबतीत माझं चुकलं, इन्सुलिनचं डोक्यात आलं नाही, माफी मागतो. पण यांना तर चार-पाच तासांचं अंतर ठेवायला काय हरकत आहे? सकाळी उठल्यावर पोट साफ होतं तेसुद्धा रात्रभर ही मोटार चालते म्हणूनच.

बालाघाट

हुरडा_पार्टी, अर्धं बरोबर. हा रेटा लहान आतड्याच्या शेवटाला संपतो, मोठ्या आतड्याचा कारभार वेगळा. सकाळी चहा पोटात गेल्यावर शौचाला होतं ती मोठ्या आतड्याची जेवणाला दिलेली प्रतिक्रिया आहे. म्हणजे झाडलोटीच्या उलट, काहीतरी खाल्ल्या-प्यायल्यामुळे होणारी.

किराणावाले, दिवसभर तुमचं आतडं मळण्याच्या चालीत राहत असणार हे खरं. पण रात्री बारा ते सकाळी आठ तुम्ही काही खात नाही. जेवण उतरल्यावर उरलेल्या वेळात दोन-तीन फेऱ्या होत असतील, झोपेतही त्या चालू राहतात. तेव्हा ‘होतच नाही’ असं नाही. फान्त्रापेन यांनी १९७७ मध्ये दाखवलं की ज्यांच्यात हा जोरकस रेटाच येत नव्हता, त्यांच्या लहान आतड्यात जंतू बेसुमार वाढले होते. पण ज्यांचा रेटा शाबूत आहे, त्यांनी फक्त खाण्यात अंतर ठेवल्यानं फुगणं किती कमी होतं, यावर भरवशाचा पुरावा तोकडा आहे. शुगर नसेल तर महिनाभर करून पाहण्यात धोका नाही. फुगण्याचं कारण दूध किंवा फुटाणेही असू शकतं, म्हणून दोन्ही एकदम बदलू नका, नाहीतर कशानं फरक पडला ते कळणार नाही.

मांजराकाठ

सर, एक घोळ राहिला. इथं अंतर ठेवा म्हणताय आणि लातूरच्या डॉक्टरांनी अण्णांना दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खायला सांगितलंय. मग अण्णांचा रेटा कधी यायचा?

बालाघाट

अंतर ठेवलं की रेटा येतो, हे ज्याची यंत्रणा शाबूत आहे त्याच्यासाठी. अण्णांच्या जठरात चौदा तासांतही तो आला नाही, तेव्हा उपाशी ठेवून तो ओढून आणता येणार नाही. त्यांना सोपं जातं ते आधीच बारीक झालेलं, पातळ, कमी तेलाचं आणि थोडं थोडं अन्न. द्रव उतरायला जोरकस रेटा किंवा दळण फारसं लागत नाही. म्हणून मऊ खिचडी घोटून, वरण गाळून, ज्वारीची आंबील, ताक. शेवगा, गवार, पालेभाज्यांचे देठ, संत्र्याच्या फोडी बंद. भाकरी हवीच असेल तर आमटीत कुस्करून, पूर्ण भिजलेली. आणि कवळी दुरुस्त करून घ्या, ते औषधाइतकंच महत्त्वाचं आहे.

डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. अण्णा दुसऱ्या कशासाठी काही गोळ्या घेतात का, ते त्यांना दाखवा, कारण दुखण्यावरच्या अफूवर्गातल्या गोळ्या आतड्यात मळणं वाढवतात आणि पुढं रेटणं कमी करतात. दुसरं, जठरातल्या त्या धाग्यांच्या गोळ्याचं काय करायचं.

फार्मसी_परभणी

एरिथ्रोमायसिन अगदी कमी डोसमध्ये जठर हलवायला देतात. आमच्याकडं लोक ते नाव ऐकून थेट मागायला येतात.

बालाघाट

बरोबर, आणि चिठ्ठीशिवाय देऊ नका. लहान आतड्याच्या सुरुवातीला मोटिलिन नावाचं संप्रेरक तयार होतं. ते रक्तात वाढलं की जठरातून रेटा सुटतो. एरिथ्रोमायसिन त्याच कुलपात बसणारी दुसरी किल्ली आहे, म्हणून जंतुसंसर्गासाठी घेतानाही पोटात मुरडा येतो. पण काही आठवड्यांत शरीर त्याला दाद देईनासं होतं. शिवाय हृदयाचा ठेका बिघडवण्याचा धोका आहे, इतर काही औषधांबरोबर जास्तच.

मांजराकाठ

पाच आठवड्यांनी लिहितोय.

गोळा काढला. आधी दोन दिवस साखर नसलेला कोला थोडा थोडा प्यायला दिला. मला ते विचित्र वाटलं, पण डॉक्टर म्हणाले, असे धाग्यांचे गोळे त्यानं मऊ होतात. मग दुर्बिणीतून तुकडे केले. आता इन्सुलिनची वेळ बदललीय. त्यानंतर रात्री शुगर एकदाच उतरली, ७० वर, आणि पहाटेची २०० च्या आत आहे. उलटी दोनदा झाली, दोन्ही वेळा लग्नातल्या जेवणानंतर. कवळी नवी केली, अजून कुरकुर आहेच. वजन दीड किलो वाढलं.

परवा पहाटे चारला आईनं मला उठवलं. अण्णांचं पोट वाजत होतं, बारीकसं. ती म्हणाली, ऐक. मी कान लावला. सर, तुम्ही म्हणाल की यावर विसंबू नका. नाही विसंबत. पुढच्या महिन्यात परत दुर्बीण आहे, आदल्या रात्री आठनंतर काही नाही, तपासणी सकाळी दहाला. जठरात काय दिसतं ते इथं लिहीन.

बैलजोडी

लिहा दादा. आमचा बैल बरा आहे. लसूणघास आता सुकवून, कडब्यात मिसळून देतो.